उसने पैसे नाकारण्याची चिठ्ठी

मंडळी, मागच्या खेपेला आपण पोस्टकार्ड लिहायला शिकलो. आज एक अवघड चिठ्ठी लिहू. मित्राने उसने पैसे मागितले आणि ते द्यायचे नसले, तर काय लिहावं? ही चिठ्ठी मला लिहावी लागली, आणि ती मी एका चुकीतून शिकलो. तीच चूक आधी सांगतो.

आबा माझा लहानपणचा मित्र. एका वर्षी गहू पोटरीला आला, आणि त्याची विहिरीवरची मोटर जळाली. महिन्याच्या ४ तारखेला तो माझ्याकडे आला. म्हणाला, "वीस हजार दे, गहू विकला की फेडतो." माझ्याजवळ द्यायला पैसे नव्हते. पण तोंडावर नाही म्हणवेना. मी म्हणालो, "बघतो."

'बघतो' म्हणजे 'नाही', असं माझ्या मनात होतं. आबाला ते 'हो' वाटलं. त्यात त्याचं काय चुकलं?

आबाची बायको बचत गटात आहे. गटाची बैठक महिन्यातून एकदा, १० तारखेला भरते. कर्जाची मागणी त्या दिवशीच मांडायची असते. आबा माझ्या भरवशावर राहिला आणि १० तारीख निघून गेली. १८ तारखेला मी मान खाली घालून सांगितलं, जमत नाही. तोवर गहू सुकायला लागला होता. आबा सावकाराकडे गेला.

आता हिशेब पाहा. गटाचं व्याज महिन्याला शेकडा २. वीस हजारांवर महिन्याला ४०० रुपये होतात. सावकाराचं व्याज शेकडा १०. म्हणजे महिन्याला २,००० रुपये. गहू विकेपर्यंत चार महिने गेले. गटाकडे १,६०० रुपये व्याज पडलं असतं, तिथं आबाने ८,००० भरले. माझ्या एका 'बघतो'ची ही किंमत. आणि ती मी नाही, त्याने भरली.

पुढे दोन वर्षांनी आबाने पुन्हा पैसे मागितले. मुलीला कॉलेजात घालायचं होतं. या वेळी मी दुसऱ्याच दिवशी चिठ्ठी धाडली. ती अशी :

"प्रिय आबास सप्रेम नमस्कार.

तू काल पंधरा हजार रुपये मागितलेस. मुलीचा प्रवेश अडू नये, ही तुझी काळजी मला कळते. पण मी पैसे देणार नाही. आत्ता नाही, आणि पुढच्या महिन्यातही नाही. मित्राशी उसनवारी करायची नाही, असं आम्ही दोघांनी घरात ठरवलं आहे. तुझ्या खरेपणाबद्दल मला शंका नाही. माझी वाट मात्र पाहू नकोस.

गटाची बैठक १० तारखेला आहे. वहिनींना आजच मागणी कळवायला सांग. अर्ज भरायला मी रविवारी सकाळी येतो."

चिठ्ठीत 'नाही' लवकर येतं, ते मुद्दाम. आणि 'पुढच्या महिन्यातही नाही' हेही मुद्दाम. नाहीतर माणूस पुढच्या महिन्याची आशा धरून बसतो.

कारण मी एकच दिलं, आणि ते खरं होतं. आधी मनात आलं होतं, लिहावं की पैसे पोस्टाच्या आवर्ती ठेवीत अडकलेत. पण त्या ठेवीचे बारा हप्ते भरले, की जमा रकमेच्या निम्म्यापर्यंत कर्ज मिळतं. आबाला हे ठाऊक होतं. तो म्हणाला असता, "मग तेच काढून दे." सबब सांगितली, की समोरचा ती दूर करायला बघतो. आपण ठरवलेल्या गोष्टीवर मात्र त्याच्याजवळ तोड नसते.

तरी आबाने निरोप धाडलाच : "पैसे नकोत, पतपेढीत जामीन तरी राहा." हे ऐकायला हलकं वाटतं, पण तसं नाही बरं का. कर्ज थकलं, तर पतपेढी ते सगळं जामीनदाराकडून मागू शकते. पैसे द्यायची ताकद नसेल, त्याने सहीही करू नये. मी त्यालाही नाही म्हटलं.

रविवारी मी गेलो. आबा ओसरीवर बसला होता. "ये" म्हणाला नाही. वहिनींनी चहा ठेवला. मी अर्ज भरला, त्यांनी सही केली. नवीनच शिकल्या होत्या, सही मोठी आली. गटाने दहा हजार मंजूर केले. उरलेल्या पाचांसाठी आबाने दोन शेळ्या विकल्या.

मुलगी कॉलेजात जाते. आबा महिनाभर माझ्याशी बोलला नाही. मग एका बाजारच्या दिवशी त्याने बैलगाडी थांबवली आणि म्हणाला, "चल, बस."