औषधांचीं आडनांवें

औषधाच्या वेष्टनावर बहुधा दोन नांवें असतात. एक कंपनीनें आपल्या मालाला दिलेलें. तें कंपनीगणिक बदलतें. दुसरें मूळ औषधद्रव्याचें. हें दुसरें नांव जागतिक आरोग्य संघटना ठरवितें, आणि एका जातीच्या द्रव्यांच्या नांवांचा शेवट सारखा ठेवण्याचा तिचा प्रघात आहे. आडनांवावरून घराणें ओळखावें, तसाच हा प्रकार.

समजा, एका गृहस्थांना रक्तदाबासाठीं रामिप्रिल चालू आहे. कांहीं आठवड्यांनीं त्यांना कोरडा खोकला जडतो. कफ नाहीं, ताप नाहीं. डॉक्टर रामिप्रिल बंद करून टेल्मिसार्टन देतात, आणि महिन्याभरांत खोकला थांबतो. असें कां झालें? आपल्या शरीरांत अँजिओटेन्सिन नांवाचें द्रव्य रक्तवाहिन्या आवळतें. तें तयार करणाऱ्या एन्झाइमला ‘प्रिल’ घराणें अडवितें. परंतु तेंच एन्झाइम ब्रॅडिकायनिन या दुसऱ्या द्रव्याचा नाशहि करीत असतें. तें काम थांबलें, कीं ब्रॅडिकायनिन सांचतें. खोकल्याचें मुख्य कारण हेंच मानतात. ‘सार्टन’ घराणें एन्झाइमच्या वाटेस जात नाहीं. अँजिओटेन्सिन जेथें जाऊन लागतें, ती जागाच तें अडवून धरतें. म्हणून त्यानें खोकला क्वचितच होतो.

पुढें हे गृहस्थ परगांवीं जातात. तेथील डॉक्टरांना जुनी हकीकत ठाऊक नसते, आणि ते नव्या नांवाची गोळी लिहून देतात. वेष्टनावर बारीक अक्षरांत असतें ‘पेरिंडोप्रिल’. घरच्यांनीं शेवट वाचला, तर घराणें तेंच आहे व खोकला परतेल, हें ताबडतोब लक्षांत येईल. शिवाय टेल्मिसार्टनहि चालूच राहिलें, तर दोन्ही मिळून रक्तांतील पोटॅशियम वाढण्याची व मूत्रपिंडांना इजा होण्याची भीति असते. प्रिलनें ज्यांचे ओठ किंवा जीभ एकदां सुजली असेल, त्यांना तर त्या घराण्यांतील कोणतीहि गोळी पुन्हा देत नाहींत. ती सूज श्वास कोंडूं शकते. अशा वेळीं दोन्ही वेष्टनें डॉक्टरांपुढें ठेवून विचारावें. आपण होऊन मात्र कोणतीच गोळी सोडूं नये.

या खुणेलाहि मर्यादा आहे. अटॉरव्हास्टॅटिन व रोझुव्हास्टॅटिन हीं कोलेस्टेरॉल उतरविणारीं सख्खीं भावंडें. निस्टॅटिनचा शेवट तसाच ऐकूं येतो. पण तें बुरशीवरील औषध असून त्याचें नांव न्यूयॉर्क स्टेटवरून पडलें आहे. घराण्याची खरी खूण नुसतें ‘स्टॅटिन’ नसून ‘व्हास्टॅटिन’ ही आहे. शिवाय एकाच गोळींत दोन द्रव्यें असूं शकतात. तेव्हां प्रत्येक नांव शेवटपर्यंत वाचावें. शेवटावरून जात कळते. मात्रा किती घ्यावी, हें त्यावरून कळत नाहीं.