अर्धशिशीच्या तीन गोळ्या आणि निवडीचा प्रश्न

(छत्रपती संभाजीनगर येथे झालेल्या व्याख्यानाचा संपादित अंश)



मी वैद्य नाही, पत्रकार आहे. म्हणून आज कोणाला औषध सुचविण्याचा अधिकार मला नाही आणि तसा हेतूही नाही. आपल्या घरी येणाऱ्या औषधाच्या चिठ्ठीमागे कोणता विचार असतो, तेवढेच मला सांगायचे आहे.

अर्धशिशी आपल्याला नवी नाही. सुश्रुतसंहितेत 'अर्धावभेदक' या नावाने तिचा उल्लेख येतो. डोके ठणकू लागले की घ्यावयाची वेदनाशामक गोळी वेगळी, आणि झटके येऊच नयेत म्हणून दुखत नसतानाही रोज घ्यावयाची प्रतिबंधक गोळी वेगळी. हा भेद ध्यानात नसला की चार दिवस बरे गेल्यावर माणूस रोजची गोळी सोडतो, आणि मग 'गुण आला नाही' म्हणतो. महिन्यातून चारपाच दिवस किंवा त्याहून अधिक डोके दुखत असेल, अथवा थोडे झटकेही माणसाला अंथरुणाला खिळवीत असतील, तर डॉक्टर प्रतिबंधक औषधाचा विचार करतात.

अशा औषधांपैकी तीन आज आपण पाहू. फ्लुनारिझिन, टोपिरामेट आणि कॅन्डेसार्टन. यांपैकी टोपिरामेट हे मुळात अपस्माराचे औषध आणि कॅन्डेसार्टन रक्तदाबाचे. त्यामुळे चिठ्ठी पाहून किंवा पाकिटातील माहितीपत्रक वाचून 'मला फिट कुठे येते?' असे म्हणत काही जण गोळी बाजूला ठेवतात. त्यात डॉक्टरांची चूक नसते. झटके कमी करण्याचा या औषधांचा गुण पुढे स्वतंत्रपणे पारखला गेला. अमेरिकेत टोपिरामेटला अर्धशिशीसाठी २००४ मध्ये मान्यता मिळाली. कॅन्डेसार्टनची पहिली परीक्षा नॉर्वेत झाली. तेथील ६० रुग्णांवरील अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानंतर २०२५ मध्ये साडेचारशेहून अधिक रुग्णांच्या मोठ्या चाचणीत १६ मिलिग्रॅमच्या मात्रेचा गुण पुन्हा दिसून आला. फ्लुनारिझिन अमेरिकेत उपलब्धच नाही. आपल्याकडे मात्र ते वर्षानुवर्षे सर्रास दिले जाते.

तिघांत अधिक प्रभावी कोणते, असा प्रश्न स्वाभाविकपणे पडतो. परंतु डॉक्टरांची निवड त्या एका प्रश्नावर ठरत नाही. ती बहुतांशी दुष्परिणामांवर ठरते. कोणत्या माणसाला कोणता त्रास मुळीच परवडणार नाही, हे आधी पाहावे लागते.

समजण्यासाठी एक रुग्ण कल्पू. सिडकोत राहणाऱ्या ३८ वर्षांच्या शिक्षिका. दोन मुले, कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया झालेली. महिन्यातून नऊ दिवस अर्धशिशी. त्यांना प्रथम फ्लुनारिझिन मिळते, रात्री झोपताना एक गोळी. ही निवड वावगी नाही. दिवसातून एकदाच घ्यायची, सुरुवातीला तपासण्यांचा फारसा खटाटोप नाही, आणि झोप येते म्हणून रात्रीची वेळ सोयीची. दोन महिन्यांत झटके कमी होतात. परंतु सकाळच्या शाळेत डोळे मिटू लागतात, भूक वाढते, चार महिन्यांत वजन चार किलोने वाढते. येथवर घरातील सगळ्यांना कळते. पुढचे मात्र कोणाला कळत नाही. बाई बोलेनाशा होतात, सणासुदीतही उत्साह नसतो, पहाटे उगाच रडू येते. घरात तर्क निघतो की सूनबाई कशावरून तरी रुसल्या असाव्यात.

हे रुसणे नव्हे. विषण्णता हा फ्लुनारिझिनचा सर्वज्ञात दुष्परिणाम आहे. म्हणून पूर्वी कधी नैराश्य येऊन गेले असेल, तर हे औषध टाळतात. वयस्कर माणसात आणखी एक गोष्ट घडू शकते. चेहऱ्यावरचे भाव ओसरतात, चाल संथ होते, हात थरथरतात, अगदी कंपवातासारखे. 'वय झाले' म्हणून ते सोडून देऊ नये, चालू गोळ्यांची यादी डॉक्टरांपुढे ठेवावी. या औषधाचा स्वभाव चिवट आहे. शरीरातील त्याचे प्रमाण निम्मे व्हायला सुमारे अठरा दिवस लागतात. त्यामुळे गोळी आज थांबवली तरी मन उद्या हलके होत नाही, काही आठवडे जावे लागतात. दोन महिन्यांत गुण नसेल तर ते थांबवावे, आणि गुण असला तरी सहा महिन्यांनी विश्रांती देऊन पाहावे, असा प्रघात याच कारणाने पडला.

आता आपल्या शिक्षिकेसाठी दुसरे औषध शोधायचे. वजन वाढलेले, म्हणून टोपिरामेटची आठवण प्रथम होते, कारण त्याने भूक मंदावून वजन उतरते. ते २५ मिलिग्रॅमपासून सुरू करून दर आठवड्याला थोडे वाढवीत बहुधा १०० पर्यंत नेतात. हातापायांना मुंग्या येणे नेहमीचेच, त्याने घाबरू नये. परंतु डॉक्टर विचारतात, "मूतखड्याचा त्रास कधी झाला होता का?" बाई सांगतात, मागच्याच उन्हाळ्यात. येथे निवड अडते. टोपिरामेटमुळे खडे होण्याचा संभव वाढतो, शिवाय घामही कमी येऊ शकतो. आपल्या मराठवाड्याच्या मे महिन्यात, पाणी कमी पिणाऱ्या माणसाला या दोन्ही गोष्टी महागात पडू शकतात. आणखी एक अडचण आहे. या औषधाने काहींना ऐनवेळी शब्द आठवत नाही, विचार मंदावतो. फळ्यासमोर उभे राहून दिवसभर बोलणाऱ्या व्यक्तीला हे कसे चालावे? ते घेणाऱ्या कोणाचा डोळा पहिल्या काही आठवड्यांत अचानक दुखू लागला आणि दृष्टी धूसर झाली, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठावा. मनाने औषध एकदम बंदही करू नये.

मूल होण्याची शक्यता असलेल्या स्त्रीच्या बाबतीत प्रश्न अधिक गंभीर होतो. टोपिरामेटने गर्भाच्या वाढीवर परिणाम होतो, ओठ वा टाळू दुभंगण्याचा धोका वाढतो. खात्रीचे गर्भनिरोधन असल्याशिवाय ते अशा स्त्रियांना देऊ नये, असा नियम ब्रिटनने २०२४ मध्ये केला. कॅन्डेसार्टनही गर्भारपणात वर्ज्यच. लग्न ठरलेल्या मुलीने डॉक्टरांना ते सांगणे म्हणूनच आवश्यक आहे. घरच्यांना त्यात संकोच वाटतो, हे मी पुष्कळदा पाहिले आहे.

उरले कॅन्डेसार्टन. शिक्षिकेचा रक्तदाब १२८/८२. फार खाली नाही, म्हणून वाव आहे. मूत्रपिंडाचे कार्य दाखविणारे क्रिएटिनिन आणि रक्तातील पोटॅशियम तपासून ४ मिलिग्रॅमपासून आरंभ, मग ८, मग १६. प्रत्येक टप्प्यावर रक्तदाब मोजायचा आणि दोनएक आठवड्यांनी रक्ततपासणी पुन्हा करायची. येथे वजन वाढत नाही, मन काळवंडत नाही. त्रास होतो तो बहुधा झटकन उठताना येणाऱ्या भोवळीचा. मूळचा रक्तदाबच कमी असेल, तर या कारणाने हे औषध नकोच. जुलाब-उलट्या होऊन अंगातले पाणी गेले, तर गोळी तात्पुरती थांबवायची का, हे डॉक्टरांना त्याच दिवशी विचारावे. डोकेदुखीसाठी आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामके वरचेवर घेतली, तर या औषधाबरोबर मूत्रपिंडावर ताण येतो, हेही विसरू नये.

वेदनाशामकांचा हिशेब आणखी एका कारणासाठी हवा. साध्या गोळ्या महिन्यातून १५ दिवस किंवा अधिक होऊ लागल्या, तर गोळ्यांमुळेच डोके दुखू लागते आणि प्रतिबंधक औषधाचा उपयोग होत नाही असे भासते. कालनिर्णयाच्या पानावर दुखण्याच्या दिवशी एक खूण, गोळी घेतली तर दुसरी, एवढे पुरते. पूर्ण मात्रेवर दोन-तीन महिने गेले की मोजायचे. नऊवरून चार-साडेचार दिवसांवर आले, तर औषध लागू पडले असे डॉक्टर धरतात. आपल्या शिक्षिकेच्या पानावर तिसऱ्या महिन्यात पाच खुणा आहेत आणि वेदनाशामकाच्या तीन. अशा वेळी डॉक्टर लगेच औषध बदलत नाहीत, आणखी थोडे दिवस पाहतात. सहा महिने ते वर्षभर आराम टिकला, तर मात्रा हळूहळू उतरवून पाहिली जाते आणि तेव्हाही पानावरच्या खुणा चालूच ठेवायच्या असतात.