एकट्याची फर्म

अनुवादक मित्रमैत्रिणींनो, अध्यक्षाने भाषेच्या भवितव्यावर बोलावं अशी रीत आहे. आज मात्र गोष्ट आहे ती एका फॉर्मची.

मिरजेतल्या एका अनुवादिकेला पुण्याच्या एका पंप बनवणाऱ्या मध्यम कंपनीकडून काम आलं. मशीनच्या माहितीपुस्तिका होत्या, चोवीस हजार शब्द, अडीच रुपये दराने साठ हजारांचं काम. दर ठरला, नमुना पसंत पडला, आणि मग मेलमधून आला नऊ पानी ‘व्हेंडर रजिस्ट्रेशन फॉर्म’. कारखान्याचं क्षेत्रफळ, यंत्रसामग्रीची यादी, पीएफ कोड, ईएसआय कोड, तीन वर्षांचा ताळेबंद, कंपनीचा शिक्का. हा फॉर्म नटबोल्ट पुरवणाऱ्यासाठी बनवलेला होता आणि तोच भाषांतर पुरवणारीलाही पाठवला गेला.

अशा वेळी दोन चुका होतात. एक, घाबरून रकाने कोरे सोडणं. कोरा रकाना पाहिला की अकाउंट्सवाला ‘अपूर्ण’ म्हणून फॉर्म परत पाठवतो. दुसरी चूक जास्त महागाची: जीएसटीच्या रकान्यात ओळखीच्या कुणाचा तरी नंबर टाकणं. त्या पंधरा अक्षरांत तिसऱ्यापासून बाराव्यापर्यंत मालकाचा पॅन लपलेला असतो. पॅन एकाचा आणि जीएसटी दुसऱ्याचा, हे पहिल्याच तपासणीत उघडं पडतं.

बाईंनी रकाना सोडला नाही. ‘लागू नाही’ लिहिलं आणि सोबत साध्या कागदावर सहीनिशी पत्र जोडलं: वार्षिक उलाढाल वीस लाखांच्या आत असल्याने जीएसटी नोंदणी बंधनकारक नाही, बिलात जीएसटी आकारला जाणार नाही, एकही कर्मचारी नसल्याने पीएफ, ईएसआय लागू नाही, व्यवसाय स्वतःच्या नावाने असल्याने शिक्का नाही. ताळेबंदाबद्दल विचारलं, साठ हजारांच्या कामाला तो लागतो का? उत्तर आलं, नको. पलीकडच्या माणसाला आपला हिशेब तपासण्याची हौस नसते. ऑडिटरने विचारलं तर दाखवायला त्याला एक कागद हवा असतो.

खरी अडचण मात्र नावात निघाली. ही अडचण आपल्याकडे बायकांच्याच वाट्याला येते. पॅनवर माहेरचं नाव, आणि रद्द केलेला चेक दिला तो सासरच्या नावाच्या खात्याचा. कंपनीने पडताळणीसाठी खात्यात एक रुपया टाकला, बँकेकडून आलेलं नाव पॅनशी जुळेना, आणि नोंदणी अडली. पॅन बदलून घ्यायचा तर वेळ जाणार. बाईंचं लग्नाआधीचं एक बचत खातं चालू होतं, त्याचा चेक दिला आणि बिलावरही तेच नाव घातलं. पॅन, चेक आणि बिल, तिन्हीकडे एकच नाव असलं की निम्मा पत्रव्यवहार वाचतो. पॅन न देण्याचा विचार तर कुणी करूच नये. व्यावसायिक सेवेवर कंपनी दहा टक्के टीडीएस कापते. पॅन नसेल तर वीस.

शेवटच्या पानावर बारीक टायपात होतं: ‘पेमेंट बिलाच्या तारखेपासून नव्वद दिवसांत.’ त्याच्याच वर प्रश्न होता, एमएसएमई आहात का? बहुतेक फ्रीलान्सर तिथे ‘नाही’ लिहून मोकळे होतात, आणि तिथेच फसतात. घरच्या टेबलावर एकटीने सेवा देणारीही सूक्ष्म उद्योग म्हणून ‘उद्यम’ पोर्टलवर आधार आणि पॅन वापरून फुकट नोंदणी करू शकते. (पैसे मागणारी संकेतस्थळं आहेत, ती सरकारी नाहीत.) २००६ च्या कायद्याने अशा पुरवठादाराचे पैसे लेखी करार असला तरी काम स्वीकारल्यापासून पंचेचाळीस दिवसांत द्यावे लागतात, करारात मुदतच नसेल तर पंधरा. १ एप्रिल २०२४ पासून लागू झालेल्या आयकरातल्या दुरुस्तीने त्याला धार आली: मुदत चुकवून पैसे थकवले, तर कंपनीला तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत वजा दाखवता येत नाही.

म्हणून तो रकाना कंपनीसाठीही कामाचा असतो. नोंदणी मात्र काम सुरू होण्याआधीची हवी. मागाहून केली तर हक्कावरून वाद होतो. बाईंची दोन वर्षांपूर्वीच झाली होती. त्यांनी ‘हो’वर खूण केली, प्रमाणपत्र जोडलं, ‘नव्वद’वर रेघ मारून ‘काम स्वीकारल्यापासून पंचेचाळीस’ लिहिलं, बाजूला सही केली आणि त्या बदलाचा मेलमध्ये स्पष्ट उल्लेख केला. गुपचूप खाडाखोड केली असती तर ती कुणाच्या लक्षातही आली नसती, आणि मग तिला मान्यता मिळाली असंही म्हणता आलं नसतं.

पर्चेस मॅनेजरचा फोन आला. ‘मॅडम, आमची नव्वदचीच पॉलिसी आहे.’

‘मग उद्यमचा कागद तुमच्या अकाउंट्सला दाखवा आणि त्यांना विचारा,’ बाई म्हणाल्या.

तीन दिवसांनी व्हेंडर कोड आला, पंचेचाळीसच्या मुदतीसह. एकेचाळिसाव्या दिवशी चोपन्न हजार जमा झाले. उरलेले सहा हजार आयकराच्या पोर्टलवर आपल्या पॅनखाली दिसेपर्यंत बाईंनी ती फाइल कपाटात ठेवली नाही.