डास चावला, पण खाज नंतर का येते?

मी मंगरूळपीरहून बोलतोय. आजचा विषय आहे डासाची लाळ.

समजा, दुपारी तुम्ही ओट्यावर मोबाईल बघत बसलाय आणि घोट्याला एडिस डासाची मादी चावली. हीच ती पांढऱ्या पट्ट्यांची, डेंग्यू-चिकुनगुनिया पसरवणारी. रक्त पिण्याआधी ती त्वचेत थोडी लाळ सोडते. का? कारण नस टोचली की रक्तातल्या प्लेटलेट गोळा होऊन भोक बुजवायला लागतात. जखमी पेशी त्यांना एडीपी नावाच्या रसायनाने हाक मारतात. लाळेतलं अपायरेज हे प्रथिन ते एडीपीच तोडून टाकतं. हाक पोचत नाही, रक्त वाहत राहतं.

दुसरं पेप्टाइड, सायलोकायनिन. ते रक्तवाहिन्या रुंद करतं, शिवाय त्यांच्या भिंती थोड्या गळक्या करतं. डासाला रक्त सोपं मिळतं. पण गळक्या भिंतीतून पाणी त्वचेत उतरतं, मागोमाग पांढऱ्या पेशी येतात. या पेशी खरं तर आपल्या पहारेकरी. मात्र लाळेसोबत विषाणू आला असेल, तर त्यातल्याच काही पेशींमध्ये शिरून तो वाढतो. पहारेकऱ्याचंच घर त्याला मिळतं म्हणा ना!

२०२२ साली ब्रिटनमधल्या संशोधकांनी हे उंदरांवर दाखवलं. एडिसच्या लाळेसोबत विषाणूचा संसर्ग वाढला. मलेरिया पसरवणाऱ्या ॲनाफिलीसच्या लाळेने तसं झालं नाही, कारण तिच्यात सायलोकायनिन नसतं. अर्थात उंदीर म्हणजे माणूस नव्हे, हे लक्षात असू द्या.

आता खाजेचं बघू. आधीच्या चाव्यांमुळे आपलं शरीर लाळेची प्रथिनं ओळखायला शिकलेलं असतं. पुन्हा तीच प्रथिनं आली की हिस्टामिन सुटतं, गांधी उठते, खाज येते. याला काही मिनिटं लागतात, तोवर डास पसार! म्हणूनच आयुष्यातल्या पहिल्या चाव्याला तान्ह्या बाळाला बरेचदा काहीच उठत नाही. आणि गांधी किती मोठी, यावरून डेंग्यू होणार की नाही ते कळत नाही. ती फक्त लाळेची खूण आहे, विषाणूची नाही.

लाळेवरच लस काढायचे प्रयत्न चालू आहेत. माणसांवर सुरुवातीच्या चाचण्याही झाल्यात. पण अजून ती बाजारात नाही.

तोवर लाळ त्वचेत जाऊच न देणं आपल्या हातात. एडिस दिवसा चावतो, म्हणून फक्त रात्रीची मच्छरदाणी पुरत नाही. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठवडा-दहा दिवस लागतात. म्हणून रांजण, टाकी, कूलर आठवड्यातून एकदा रिकामे करून आतून घासा, कारण अंडी भिंतीला चिकटलेली असतात. नुसतं पाणी ओतून ती जात नाहीत.

भेटू पुढच्या भागात!