लॉटरीने निवडलेले ९९ जण

आयर्लंडमध्ये गर्भपात हा विषय इतका पेटलेला होता, की मोठे पक्ष त्याला हात लावायला कचरायचे. २०१६ मध्ये तिथे ९९ सामान्य नागरिकांची सभा बसवली, अध्यक्ष न्यायमूर्ती मेरी लॅफॉय. सर्व्हे कंपनीची माणसं दारोदार फिरली. वय, लिंग, प्रदेश, सामाजिक वर्ग, सगळ्यांचं प्रमाण देशासारखंच ठेवलं. पाच वीकेंड ते छोट्या टेबलांवर बसले, डॉक्टर-वकिलांना प्रश्न विचारले, मग गुप्त मतदान. ६४ टक्के म्हणाले, कारण न विचारता गर्भपाताला परवानगी द्या. किती आठवड्यांपर्यंत, ते वेगळं ठरवलं. अनेकांना वाटलं, हे जरा अतीच. पण २०१८ च्या सार्वमतात ६६.४ टक्के मतं घटनेतली बंदी काढायच्या बाजूने पडली!

आता माझ्यातला इंजिनिअर विचारतो: रँडम म्हणजे किती रँडम? २०१८ च्या सुरुवातीला कळलं, की नवे सात सदस्य दारोदार न फिरता, ओळखीपाळखीतून फोनवर गोळा केलेले. त्यांना काढलं. गर्भपातावरचं मतदान आधीच झालं होतं, म्हणून ते वाचलं.

आणि एक भोक उरतंच. मानधन नव्हतं, फक्त खर्च मिळायचा. मग शनिवार-रविवार राबणारा 'हो' कसा म्हणणार? कोटा वय मोजतो, सवड मोजत नाही.