शिवणीतली माया



वाङ्मयाच्या व्यासपीठावर शिवणकामाचा विषय घेऊन उभी राहताना थोडा संकोच वाटतो. म्हणून सुरुवात एका शब्दापासून करते. ‘माया’ म्हटले की आपल्याला आई आठवते, वेदान्त आठवतो. पण माझ्या तीस वर्षांच्या शिकवण्याच्या काळात मी हा शब्द सर्वांत जास्त वेळा तिसऱ्याच अर्थाने वापरला. शिवणीच्या आत मुद्दाम सोडलेले जादा कापड, ती माया. आपल्या आया ब्लाउज शिवायला टाकताना बजावून सांगत, ‘दोन बोटे माया ठेवा हो.’ पॅरिसचे ओत कुतूर, दुकानात टांगलेला तयार कपडा आणि या दोहोंच्या मधला, म्हणजे आपले माप घेऊन कारखान्यात शिवलेला ‘मेड-टू-मेजर’, या तिघांतला फरक मला या एका शब्दाने सर्वांत सोपा सांगता येतो.

आधी नावांचा घोळ दूर करू. ओत कुतूर हे काही महाग कपड्याचे शोभिवंत नाव नाही. चार्ल्स फ्रेडरिक वर्थ नावाच्या इंग्रजाने 1858 साली पॅरिसमध्ये आपली पेढी काढली. तिथून या धंद्याचे आजचे रूप सुरू झाले असे मानतात. 1868 साली या पेढ्यांची संघटना झाली आणि 1945 पासून फ्रान्समध्ये हे नाव कायद्याने राखलेले आहे. गिऱ्हाइकाच्या अंगावर ट्रायल घेऊन शिवणे, पॅरिसमध्ये स्वतःची कार्यशाळा आणि ठराविक संख्येने कारागीर असणे, वर्षातून दोनदा नवे कपडे सादर करणे अशा अटी पाळणाऱ्या पेढीलाच ते वापरता येते. आपल्याकडे कुठल्याही दुकानाच्या पाटीवर ‘कुतूर’ लिहिता येते, कारण तो कायदा इथे लागू नाही. त्यामुळे पाटी न वाचता कपडा उलटा करून पाहावा हे बरे.

उदाहरण म्हणून एकच कपडा घेऊ, बायकांचे लोकरी जाकीट. आणि अंगही एकच घेऊ. समजा, एका बाईंचा उजवा खांदा डाव्यापेक्षा दीड सेंटिमीटर खाली आहे आणि पाठीला किंचित पोक आहे. वर्षानुवर्षे एकाच खांद्याला पर्स अडकवणाऱ्या आणि टेबलावर वाकून काम करणाऱ्या आपल्यापैकी पुष्कळांचे अंग असेच असते.

या बाईंनी दुकानातले तयार जाकीट चढवले की दोन गोष्टी दिसतात. उजव्या बाजूला मानेकडून काखेकडे तिरप्या सुरकुत्या पडतात. मागे कॉलर मानेपासून सुटून उभी राहते आणि जाकिटाचा मागचा घेर वर उचलला जातो, कारण वाकलेल्या पाठीला उंचीत जास्त कापड लागते आणि ते तिथे नसते. खांद्याचा दोष झाकता येतो. उजवीकडे थोडे जाड पॅड घातले की काम भागते. पाठीचे मात्र काही करता येत नाही. तयार कपड्यात कापडाचे कित्येक थर एकावर एक अंथरून एकदम कापतात आणि माया साधारण एक सेंटिमीटरच ठेवतात. कापड वाचावे हे एक कारण, आणि यंत्रावर सगळ्या कडा एकसारख्या जुळाव्यात हे त्याहून मोठे. ते जाकीट कोणा एका माणसाचे नसते. मधल्या मापाचा एक नमुना काढून त्यावरून लहान-मोठी मापे ठराविक अंतराने वाढवत नेलेली असतात. तो कपडा कापला जातो तेव्हाच त्याची गोष्ट संपलेली असते.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. तरुणपणी मी मोठ्या हिकमतीने एका नातलगाचे तयार जाकीट पाठीत सैल करायला घेतले होते. शिवण उसवली तर आत जेमतेम नखाएवढे कापड होते. ते ओढूनताणून घेतले, तर जुन्या सुईची भोके ओळीने बाहेर आली आणि इस्त्रीची जुनी घडी पाठीवर रेघेसारखी उमटली. जाकीट कामातून गेले. त्यांनी मला कधी बोल लावला नाही, पण ते जाकीट परत त्यांच्या अंगावर दिसले नाही.

आता त्याच बाई मेड-टू-मेजरकडे जातात. तिथे त्यांना जवळच्या मापाचे नमुना-जाकीट घालायला देतात. उजवा खांदा दीड सेंटिमीटर खाली, पाठीची उंची वर इतकी जास्त, बाही इतकी कमी असे आकडे लिहून घेतात. कारखान्यातल्या संगणकावर तयार असलेला मूळ नमुना या आकड्यांनुसार बदलतो, त्यावरून एकट्या जाकिटाचे कापड कापले जाते आणि पुढे ते बहुधा तयार कपड्यांसारख्याच यंत्रांच्या रांगेतून जाते. ही पद्धत चांगली आहे, पुष्कळांना ती पुरते. तिची मर्यादा वेगळ्या ठिकाणी आहे. सगळ्या दुरुस्त्या कापड कापण्याआधी, आकड्यांत होतात. बाई आरशासमोर उभ्या राहिल्या की नकळत ताठ होतात. टेप धरणाऱ्याने ते ओळखले नाही, तर पोक कागदावर येतच नाही. आणि आले तरी पाठ मानेच्या मुळाशी वाकते की खांद्याच्या फऱ्यांमध्ये, हे एका आकड्यात मावत नाही. जाकीट पूर्ण होऊन येते तेव्हा पहिल्यांदा अंगावर चढते, आणि तेव्हा कॉलर बसलेली, अस्तर लागलेले असते.

कुतूरच्या कार्यशाळेत क्रम उलटा आहे. आधी शिवणकामाच्या पुतळ्यावर कापूस आणि पट्ट्या चढवून तो त्या बाईंच्या अंगासारखा करतात, उजवा खांदा उतरता, पाठ वाकलेली. मग कोऱ्या सुती कापडाचे एक कच्चे जाकीट बनवतात. त्याला ते ‘ट्वाल’ म्हणतात. ते अंगावर घालून, पाठीत जिथे ओढ येते तिथे सरळ आडवी कात्री मारतात. चीर आपोआप उघडते, आणि जितकी उघडते तितकी पट्टी आत टाचतात. मापाचा आकडा इथे कोणी विचारत नाही, अंगच तो सांगते. मग ट्वाल उसवून सपाट करतात आणि त्यावरून नमुना काढतात.

मग खरे कापड. ते तीन-चार सेंटिमीटर किंवा त्याहून जास्त माया ठेवून बेततात. शिवणीच्या रेघा खडूने न आखता धाग्याने टाके घालून काढतात, म्हणजे त्या कापडाच्या दोन्ही बाजूंनी दिसतात आणि पुसल्या जात नाहीत. जाकीट कच्च्या टाक्यांनी जोडून ट्रायल घेतात, टाचण्या लावतात, आणि मग सगळे पुन्हा उसवून मेजावर सपाट पसरतात. माझ्या विद्यार्थिनींना हे पटत नसे. इतके जोडलेले पुन्हा सुटे करायचे? पण उभ्या कपड्यावर केलेली दुरुस्ती आणि सपाट कापडावर आडवे-उभे धागे पाहून केलेली दुरुस्ती यांत मोठा फरक असतो.

आता लोक ज्याला ‘फिनिश’ म्हणतात त्याकडे वळू. बहुतेक तयार जाकिटांत कापडामागे एक पातळ अस्तरपट्टी उष्णतेने चिकटवलेली असते. हे काम चांगले झाले तर वर्षानुवर्षे टिकते, त्याला उगाच नावे ठेवू नयेत. पण डिंक सुटला की छातीवर बुडबुडे येतात आणि मग त्याला औषध नाही. हाताने बांधलेल्या जाकिटात चिकटवण्याऐवजी कॅनव्हास टाक्यांनी सैल धरलेला असतो. ओळखायचे असेल तर खालच्या काजाखाली कापड दोन बोटांत धरून बाहेरची आणि आतली बाजू अलगद वेगळी करा. मध्ये आणखी एक सुटा थर सरकताना जाणवला, तर तो कॅनव्हास. मग बाहीचे अस्तर उलटे करा. शिवणीत वीतभर जागी वरून यंत्राची शिलाई दिसली, तर तिथून अख्खे जाकीट बाहेर उलटवले होते असे समजा. तयार कपड्यात आणि बऱ्याच मेड-टू-मेजरमध्येही ती सापडते. कॉलरच्या कडेला दिसणाऱ्या हाताच्या टाक्यांवर मात्र विश्वास ठेवू नका. त्यांची नक्कल करणारे यंत्र आता आहे.

कुतूर म्हणजे सगळे हाताने, हाही गैरसमज. शनेलचे जाकीट पाहा. गाब्रिएल शनेल यांनी 1954 साली पेढी पुन्हा उघडल्यावर ते प्रसिद्ध झाले. त्याच्या सैल विणीच्या ट्वीडला कडक कॅनव्हास चालत नाही, म्हणून प्रत्येक तुकड्याच्या मागे रेशमी अस्तर ठेवून उभ्या रेघांनी शिलाई मारतात, आपल्या गोधडीसारखी. ही शिलाई यंत्राची असते. टाके ट्वीडच्या विणीत बुडतात. सुटलेले दोरे मात्र हाताने आत ओढून एकेक गाठ मारतात. आणि मुख्य गोष्ट अशी की ही शिलाई कडेच्या काही सेंटिमीटर आधी थांबते. मग ट्वीड ट्वीडला शिवतात आणि अस्तराच्या कडा त्यावर दुमडून हाताने बंद करतात. घेराच्या आत पितळी साखळी टाकतात, ती या हलक्या जाकिटाला खाली सरळ धरते. अस्तराची ती हातशिवण उसवली की ट्वीडची शिवण आणि तिची सगळी माया समोर येते. बाईंचे अंग दहा वर्षांनी बदलले, तर जाकीट उघडून पुन्हा बसवता येते. हाताचा टाका तिथे सौंदर्यासाठी घातलेला नाही. तो सुटावा म्हणून घातला आहे.

बळकटीत यंत्राचा टाका हाताच्या टाक्याला हरवतो, हेही मान्य करायला हवे. रोज बसने प्रवास करणाऱ्याने कुतूर वापरून पाहू नये.

घरातल्या लग्नासाठी कोट किंवा जाकीट शिवायचे असेल, तर आपल्या गावच्या मास्तरांकडेही यातले थोडे मागता येते. बाह्या जोडण्याआधी कच्च्या टाक्यांवर एक ट्रायल मागा. त्या वेळी आरशाकडे पाठ करून, रोज उभे राहता तसे उभे राहा, आणि मागून कोणाला तरी कॉलर पाहायला सांगा. पाठीच्या मधल्या शिवणीत आणि बाजूंना दोन बोटे माया ठेवायला सांगा, आणि ती कापून टाकू नका असेही सांगा. मास्तर थोडे कुरकुरतील, कारण जाड माया इस्त्रीने बसवायला वेळ लागतो. त्या वेळेचे पैसे वेगळे द्यावेत.