कूळ, वंश आणि ११७ नंबरचे शेत



अध्यक्षपदाचा मान तुम्ही मला दिलात. गेल्या काही वर्षांतल्या मराठी संशोधनाचा आढावा मी घ्यावा, असे पत्रात सुचवले होते. तो मी लिहायला घेतला, दोन पाने लिहिलीही आणि बाजूला ठेवली. एक गोष्ट घशात अडकून आहे. ती आज इथे बोलले नाही तर पुन्हा बोलायला जागा मिळेल असे वाटत नाही.

काही वर्षांपूर्वी एक प्रबंध परीक्षणासाठी माझ्याकडे आला. विषय निजामी राजवटीतल्या मराठवाड्याची जमीनधारणा. विद्यापीठाचे नाव सांगत नाही, उमेदवाराचेही नाही. सोबत साम्य तपासणीचा अहवाल जोडलेला होता, त्यावर आकडा होता सात टक्के. तिसऱ्या प्रकरणात मी एका परिच्छेदावर थांबले. तो असा होता:

‘१३४६ च्या पीक वर्षात पाटलांनी ती जमीन वंशाला लागू केली. सहा एकरांपैकी वीस गुंठ्यांचे पोट बिघडलेले होते. मी त्या वंशाच्या सुनेला भेटायला गेलो तेव्हा तिची काकू व्हरांड्यात निवड करत बसली होती.’

मराठवाड्याच्या जमिनीवर चारशे पाने लिहिणारा माणूस ‘वंशाला जमीन’ असे लिहीलच कसा? ही चूक अज्ञानाची नव्हती. अज्ञानी माणसाचे मराठी कच्चे असते, पण ते मराठीच असते. हे वाक्य दुसऱ्या भाषेत जाऊन परत आलेले होते.

मी कागद घेतला आणि उलटी वाट धरली. ‘वंश’ कशावरून आला असेल? इंग्रजीत मधे ‘क्लॅन’ असला पाहिजे. मराठीतला कोणता शब्द इंग्रजीत ‘क्लॅन’ होईल? कूळ. आपल्याकडे कूळ म्हणजे घराणेही आणि दुसऱ्याची जमीन खंडाने किंवा बटईने कसणारा माणूसही. १९५० चा हैदराबाद कुळवहिवाट व शेतजमीन कायदा याच दुसऱ्या कुळासाठी आहे. त्यातले ‘संरक्षित कूळ’ हे पद तुमच्यापैकी अनेकांच्या आजोबांच्या कागदावर असेल. ‘पीक वर्ष’ म्हणजे फसली सन. फसल म्हणजे पीक, म्हणून यंत्राने सनाचे पीक केले. हैदराबादच्या फसली सनात साधारण ५९० मिळवले की इसवी सन येतो, म्हणजे ही हकिगत १९३६-३७ ची. ‘पोट बिघडलेले’ हे अर्थातच पोटखराब, सर्व्हे नंबरातला लागवडीला न येणारा तुकडा.

मग माझ्या डोळ्यांपुढे मूळ वाक्य उभे राहिले, कारण ते मी पूर्वी वाचले होते:

‘सन १३४६ फसलीत पाटलांनी ती जमीन कुळाला लावून दिली. सहा एकरांपैकी वीस गुंठे पोटखराब होते. मी त्या कुळाच्या सुनेला भेटायला गेले तेव्हा तिची आत्या ओसरीवर ज्वारी निवडत बसली होती.’

हे माझ्या विद्यार्थिनीचे लेखन. परभणी जिल्ह्यातल्या गावांत ती दोन उन्हाळे एस.टी.ने आणि पायी फिरली होती. प्रबंध तिने स्वतः युनिकोडमध्ये टाइप केला आणि मागेल त्याला फाइल पाठवत राहिली. ज्ञान अडवून धरू नये, हे तिला मीच शिकवले होते.

या तीन वाक्यांचे काय झाले ते नीट पाहा. ‘आत्या’ इंग्रजीत ‘आंट’ झाली आणि परतताना काकू. बापाची बहीण आणि बापाच्या भावाची बायको यांतला फरक जमिनीच्या वाटणीत किती महत्त्वाचा, हे शेतकऱ्याच्या घरात जन्मलेल्याला सांगायला नको. त्या आत्याचा माहेरच्या शेतात हिस्सा होता, तोच तर त्या प्रकरणाचा मुद्दा होता. काकू झाल्यावर मुद्दाच उरला नाही. ‘ज्वारी’ वाटेत गळली आणि ‘निवडत’चे ‘निवड करत’ झाले. आणि सर्वांत मोठे नुकसान एका कान्याचे. ती ‘गेले’ म्हणाली होती. इंग्रजी क्रियापदाला लिंग नाही, म्हणून यंत्राने परतताना पुरुष गृहीत धरला आणि ‘गेलो’ लिहिले. त्या सुनेने दार उघडले, माजघरात बसवले आणि सासऱ्याने कूळ म्हणून नाव लावायला किती खेपा घातल्या ते सांगितले, कारण समोर बाई बसली होती. परक्या पुरुषाशी ती असे बोललीच नसती. ‘गेलो’ लिहिणाऱ्याला ते दार उघडले गेले नव्हते.

मी अहवालात हे सर्व लिहिले. त्यानंतर जी बैठक झाली तिच्यात मला जे ऐकावे लागले, त्याच्याशी माझे भांडण आहे.

पहिले उत्तर आले की आकडा सातच आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांत दहा टक्क्यांपर्यंतचे साम्य किरकोळ मानले आहे, त्याला शिक्षा नाही. बरोबर आहे. पण तो आकडा कशाचा आहे? तपासणीची प्रणाली शब्दांच्या सलग माळा जुळवते. नियमांतही योगायोगाने जुळणाऱ्या सलग चौदा शब्दांपर्यंत सूट आहे. मजकूर इंग्रजीत जाऊन आला की दर तिसरा-चौथा शब्द बदलतो, शब्दक्रम हलतो आणि माळ तुटते. जाणून-बुजून माळ तोडायची आणि मग माळ सापडली नाही म्हणून सुटायचे, याला निर्दोष म्हणायचे का? शिवाय आपले कितीतरी जुने मराठी प्रबंध युनिकोडपूर्व फाँटमध्ये आहेत किंवा नुसत्या स्कॅन केलेल्या चित्रांच्या रूपात. यंत्राला ते वाचताच येत नाहीत. ज्या ग्रंथाशी तुलना झालीच नाही, त्याच्याशी साम्य सापडणार कुठून?

दुसरे उत्तर एका विद्वान सहकाऱ्यांचे होते. ते म्हणाले, “बाई, शब्द त्याचे आहेत, मग चोरी कशाची?” त्याच नियमांत वाङ्मयचौर्याची व्याख्या आहे: दुसऱ्याचे काम किंवा कल्पना घेऊन ती स्वतःची म्हणून पुढे करणे. तिथे शब्दांची अट नाही. आणि शब्द त्याचे होते हे तरी खरे कुठे? पहिले शब्द माझ्या विद्यार्थिनीचे, दुसरे यंत्राचे. त्याने केले ते एवढेच, की मजकूर एकीकडे घातला, दुसरीकडून काढला आणि आलेले वाचून पाहण्याचे कष्टही घेतले नाहीत. नकळत झालेली नक्कल मी समजू शकते. वर्षानुवर्षे वाचलेले वाक्य आपल्याच वहीत आपले म्हणून उतरते, ते माझेही झाले असेल. पण ज्याला आपण काही लपवत आहोत हे ठाऊक नाही, तो मजकूर परदेशी पाठवून परत आणत नाही. ही वळसा घालून केलेली वाटचालच हेतूचा पुरावा आहे.

इथे एक गोष्ट मला प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. असे विचित्र शब्द सापडले म्हणजे चोरी सिद्ध झाली, असे मुळीच नाही. तेलुगू किंवा इंग्रजी साधने वाचणारा एखादा गरीब विद्यार्थी यंत्राची मदत घेतो, खाली मूळ लेखकाचे नाव देतो आणि त्याच्या मजकुरातही ‘वंश’ राहून जातो. त्याला मराठी शिकवावे, त्याची चौकशी लावू नये. विचित्र शब्द फक्त थांबायला सांगतो. त्यानंतर मूळ शोधावे लागते आणि दोन्ही पाने शेजारी ठेवावी लागतात. फ्रान्समधले गियोम काबानाक आणि त्यांचे सहकारी यांनी २०२१ मध्ये इंग्रजी विज्ञानलेखांतले असे ‘छळलेले शब्दप्रयोग’ गोळा केले. शब्द बदलून देणाऱ्या साधनांनी स्तनाच्या कर्करोगाचे ‘छातीवरचे संकट’ करून टाकलेले लेखही त्यांना सापडले. त्यांनाही शेवटी लेख हातात घेऊन वाचावेच लागले.

तर मी दोन्ही पाने शेजारी ठेवली. यंत्र शब्द बदलते, आकडे बदलत नाही. ‘१३४६’, ‘सहा’, ‘वीस’ तसेच होते. मुलाखतींचा क्रम तोच, एका मुलाखतीवरून दुसरीकडे जाण्याचे वळण तेच. आणि एक तळटीप होती, सर्व्हे नंबर ११७. मूळ खासरा पत्रक मी आणि माझ्या विद्यार्थिनीने तहसिलीत एकत्र पाहिले होते. त्यावर १७१ आहे. टाइप करताना तिचे अंक उलटे पडले आणि ते आमच्या लक्षात आले प्रबंध सादर झाल्यावर. उमेदवाराच्या प्रबंधातही ११७ होते, आणि ‘प्रत्यक्ष अभिलेख पाहून’ असे त्याखाली लिहिले होते. ज्याने अभिलेख पाहिला त्याला १७१ दिसले असते.

बैठकीत मी हा आकडा दाखवला. थोडा वेळ कोणी बोलले नाही. मग ‘आकड्यांची चूक कोणाचीही होऊ शकते’ असे टिपण झाले, भाषा सुधारून घेण्याची सूचना दिली गेली आणि पदवी मिळाली.

काहीजण म्हणतात, आता यंत्रे सुधारली आहेत, अशा खुणा राहणारच नाहीत. मराठी गूगलच्या भाषांतरात २०१३ मध्ये आली आणि २०१७ पासून नव्या पद्धतीने भाषांतर अधिक सफाईदार झाले, हे खरेच आहे. रोजच्या बोलण्यातले वाक्य आज बरे जाते-येते. पण पोटखराब, बटई, सर्फेखास हे शब्द ज्या कागदांत आहेत ते कागद यंत्राने फारसे पाहिलेलेच नाहीत, म्हणून ते तिथेच अडखळते. उद्या अडखळणार नाही असे धरू. तेव्हा ‘कूळ’ कूळच परत येईल आणि चोरी मात्र तेवढीच राहील; पकडायला फक्त ११७ उरेल.

आपण हैदराबादेत बसलो आहोत. उस्मानिया विद्यापीठ उर्दूतून शिकवणार म्हणून १९१७ मध्ये याच शहरात दारुत्तर्जुमा उभा राहिला. इतिहास, कायदा, विज्ञान यांचे ग्रंथ तिथे भाषांतरित झाले आणि एकेका संज्ञेवर समित्यांत वाद झाले. भाषांतर हे तिथे उजेडात करायचे काम होते. मी स्वतः आयुष्यभर उर्दू दप्तरांतला मजकूर मराठीत आणला आहे. म्हणून भाषांतराचा बुरखा करून चोरी झाली की मला ती माझ्याच हत्याराने झाल्यासारखी वाटते.

काय करावे, हे विचाराल. मराठवाड्याच्या महसुली शब्दांची एक सूची आपण करावी, प्रत्येकाने आपल्या तालुक्याची. जुने प्रबंध युनिकोडमध्ये आणण्याचे काम कोणीतरी हाती घ्यावे. आणि परीक्षकाने आकड्याच्या आधी तिसरे प्रकरण वाचावे. तपशील संध्याकाळच्या सत्रात बोलू.

माझी विद्यार्थिनी आता एका छोट्या गावातल्या महाविद्यालयात शिकवते. गेल्या दिवाळीत ती घरी आली होती. तिच्या प्रतीत तिने ११७ खोडून शाईने १७१ केले आहे, शेजारी तारीख आणि सही. दुसरा प्रबंध ग्रंथालयात आहे. त्यात अजून ११७ आहे, वंश आहे, आणि त्या सुनेकडे गेलेला एक पुरुष आहे.